एका कारणाला किती खुणा?

प्रश्न : मी पदवीला आहे आणि स्पर्धा परीक्षेसाठी निबंधाचा सराव करते. इंग्रजीच्या निबंधात मी ‘द रीझन इज बिकॉज’ लिहिलं, तर सरांनी खाली लाल रेघ मारली. नंतर माझे मराठी निबंध पुन्हा वाचले, तर तिथेही जागोजाग ‘याचे कारण म्हणजे अमुक असल्यामुळे…’ असं लिहिलेलं. वाचताना खटकतं, पण नेमकं काय चुकतं ते कळत नाही. कारण नीट कसं मांडायचं?

उत्तर :

इंग्रजीचं आधी उरकून घेते. ‘रीझन’ या शब्दातच ‘कारण’ हा अर्थ आहे. त्यानंतर काय कारण आहे एवढंच सांगायचं असतं, म्हणून तिथे ‘दॅट’ लागतो: ‘द रीझन इज दॅट…’. ‘बिकॉज’ घातला की ‘कारण’ दोनदा होतं. ही रचना इंग्रजीत शतकानुशतकं वापरात आहे, चांगल्या लेखकांच्या लिखाणातही सापडते आणि ती चूक नाहीच असं म्हणणारे जाणकारही आहेत. परीक्षेच्या कागदावर मात्र हा वाद घालत बसू नका. एक तर ‘द रीझन इज दॅट’ लिहा, नाहीतर ‘द रीझन’ काढून सरळ ‘बिकॉज’ने वाक्य जोडा. दुसरा उपाय बहुतेक वेळा जास्त चांगला.

मराठीत गोष्ट जरा वेगळी आहे. इंग्रजीतल्या त्या वाक्यात फक्त एक शब्द जास्तीचा असतो. मराठीतलं तुमचं वाक्य पुष्कळदा पुरंच होत नाही. हे बघा:

*शेतकरी कर्जबाजारी होतात. याचे कारण म्हणजे पाऊस अनिश्चित असल्यामुळे.*

‘याचे कारण म्हणजे’ असं म्हटलं की पुढे नाम यायला हवं. कारण म्हणजे काय? पावसाची अनिश्चितता. ‘असल्यामुळे’ हे नाम नाही. ते पुढच्या क्रियापदाची वाट बघत असतं: असल्यामुळे काय होतं? म्हणजे वाक्याचा पहिला अर्धा भाग एक मागतो आणि दुसरा अर्धा भलतंच देतो, शिवाय स्वतःही काहीतरी मागत उभा राहतो. तुम्हाला खटकतं ते हे. मग लिहिणारा काय करतो, तर ते ‘असल्यामुळे’ लटकत राहू नये म्हणून मागचंच क्रियापद पुन्हा आणून ठेवतो: ‘याचे कारण म्हणजे पाऊस अनिश्चित असल्यामुळे शेतकरी कर्जबाजारी होतात.’ आता वाक्य बंद झालं, पण वाचकाला कर्जबाजारीपणाचं कारण कर्जबाजारीपणाच मिळालं.

अशी वाक्यं हुशार मुलांच्याही हातून होतात आणि त्यामागे मराठी वाक्याचा क्रम आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘याचे कारण म्हणजे’ लिहून तुम्ही एक शब्द दिलेला असतो, मग मध्ये दहा-बारा शब्द जातात आणि शेवटाशी पोचेपर्यंत सुरुवात कशी केली होती ते हाताला आठवत नाही. हात सवयीने ‘-मुळे’ लावून मोकळा होतो. वाक्य जितकं लांब, तितकी ही चूक जास्त. चार शब्दांच्या वाक्यात ती कुणीच करत नाही.

दुरुस्त्या तीन, आणि तिन्ही बरोबर:

*याचे कारण म्हणजे पावसाची अनिश्चितता.*
*याचे कारण असे, की पावसाचा भरवसा नसतो.*
*पावसाचा भरवसा नसल्यामुळे शेतकरी कर्जबाजारी होतात.*

पहिल्यात नाम आलं. दुसऱ्यात ‘असे, की’ने पुढच्या पूर्ण वाक्याला जागा करून दिली. तिसऱ्यात ‘कारण’ हा शब्दच गेला आणि काहीही बिघडलं नाही. निबंधात मी बहुधा तिसरं वाक्य निवडेन. ‘याचे कारण’ हे शब्द कारण सांगत नाहीत, कारण येत आहे एवढी दवंडी पिटतात. वाचक मुळात थांबून ‘असं का?’ म्हणेल अशीच जागा असेल, तर दवंडी चालते. दर परिच्छेदात नको.

आता एक पूर्ण परिच्छेद घेऊ. सरावाच्या वह्यांमध्ये या वळणाचं लिखाण मी इतक्यांदा वाचलं आहे, की नमुना मीच लिहून दाखवते. त्यातली एफआरपी म्हणजे उसाला सरकारने ठरवून दिलेला किमान दर:

*सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी असूनही शेतकरी मोठ्या प्रमाणात ऊस लावतात. याचे कारण म्हणजे उसाला एफआरपी असल्यामुळे भावाची हमी असल्या कारणाने शेतकरी उसाकडे वळतात, कारण की इतर पिकांना भाव मिळत नसल्यामुळे त्यांचे नुकसान होते म्हणून ते ऊस लावतात. तसेच उजनी धरणामुळे पाणी उपलब्ध झाल्याच्या कारणामुळे देखील उसाचे क्षेत्र वाढले आहे.*

पेन्सिल घ्या आणि कारण दाखवणाऱ्या प्रत्येक शब्दाला गोल करा. याचे कारण म्हणजे, असल्यामुळे, असल्या कारणाने, कारण की, नसल्यामुळे, म्हणून, धरणामुळे, कारणामुळे. आठ झाले. आता खरी कारणं किती आहेत ते मोजा: उसाच्या भावाची हमी, इतर पिकांना ती नसणं, आणि पाणी. तीन. तीन कारणांना आठ खुणा. मग परिणाम किती वेळा सांगितला ते बघा: ‘ऊस लावतात’, ‘उसाकडे वळतात’, ‘ऊस लावतात’, ‘क्षेत्र वाढले’. एकच गोष्ट चार वेळा. हे मोजमाप कुठल्याही परिच्छेदाला लावता येतं. खुणा कारणांपेक्षा जास्त असतील, तर कुठेतरी कारण दोनदा लिहिलं गेलंय किंवा परिणाम परत आलाय.

पण नुसत्या खुणा खोडून काम भागत नाही, आणि मला खरं सांगायचंय ते इथे आहे. त्या आठ खुणांच्या गर्दीत एक मोठी गोष्ट दडून गेली. भावाची हमी आणि उजनीचं पाणी ही दोन्ही ‘कारणं’ म्हणून ‘तसेच’ने शेजारी शेजारी ठेवली आहेत, जणू दोघांचं काम एकच आहे. ते तसं नाही. जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस ५५० मिलिमीटरच्या आसपास. ऊस शेतात बारा ते अठरा महिने उभा असतो आणि त्याला सतत पाणी लागतं. उजनी नसती, तर एवढा ऊस तिथे झालाच नसता. म्हणजे पाण्याने ऊस *शक्य* केला. पण पाणी आलं म्हणून ऊसच लावला पाहिजे असं कुठे आहे? त्याच पाण्यावर डाळिंब होतं, भाजीपाला होतो, ज्वारीला एखादं पाणी देता येतं. शेतकऱ्याने ऊस *निवडला* तो दुसऱ्या कारणाने. उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार हंगामाआधी ठरवतं आणि तो देणं कारखान्यावर बंधनकारक असतं. शिवाय तोडणी आणि वाहतूक कारखानाच बघतो, त्याचा खर्च बिलातून कापून घेतो. माल घेऊन बाजार समितीत भावासाठी ताटकळायला नको.

तर एक कारण दार उघडणारं आणि दुसरं त्या दारातून आत नेणारं. ‘-मुळे’, ‘कारणाने’, ‘कारणामुळे’ असे एकाच तोंडवळ्याचे शब्द सगळीकडे चिकटवले, की हा फरक वाचकाला दिसत नाही. लिहिणाऱ्यालाही दिसत नाही. मला तर वाटतं, बहुतेक वेळा उलटंच घडलेलं असतं: फरक स्वतःला स्पष्ट नसतो, म्हणून खुणांची भर पडत जाते.

पुन्हा लिहू:

*सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी, तरी ऊस भरपूर. उजनीच्या कालव्यांमुळे तो पिकवणे शक्य झाले. पण आलेल्या पाण्यावर शेतकरी ऊसच लावतो ते भावाच्या हमीमुळे. उसाचा किमान दर केंद्र सरकार गाळप हंगामापूर्वी ठरवते आणि तो देणे कारखान्यावर बंधनकारक असते. कांद्याला असा बांधलेला दर नाही.*

पहिला परिच्छेद ४९ शब्दांचा होता, हा ४१ शब्दांचा आहे आणि यात माहिती जास्त आहे. खुणा दोनच उरल्या. शेवटच्या दोन वाक्यांना तर एकही खूण नाही, तरी ती कशाची कारणं आहेत हे कुणाला विचारावं लागत नाही. ‘भावाची हमी’ म्हटल्यावर पुढच्याच वाक्यात दराचा नियम आला, की वाचक दोन्ही आपोआप जोडतो. दोन वाक्यं योग्य क्रमाने शेजारी ठेवणं ही कारण सांगायची सगळ्यात स्वस्त रीत आहे आणि परीक्षेच्या निबंधात ती सगळ्यात कमी वापरली जाते.

मधल्या वाक्यातली ‘लावतो ते हमीमुळे’ ही रचना जरा लक्षात ठेवा. ‘पीक गेले ते पावसाने’, ‘संप मिटला तो कामगारांच्या एकजुटीमुळे’. बोलताना आपण हे सहज म्हणतो. ‘याचे कारण म्हणजे’ वापरून तुम्हाला जो जोर आणायचा असतो, तो इथे एका ‘ते’ने येतो आणि वाक्यही मोडत नाही. अट एकच: ‘हेच कारण, दुसरं नाही’ असा भाव असेल तिथेच वापरा. कारणं तीन असताना पहिल्यालाच असा जोर दिला, तर उरलेली दोन खोटी पडतात.

‘कारण’ लिहावं की ‘म्हणून’, याचाही थोडा विचार करा. शाळेच्या व्याकरणात उभयान्वयी अव्ययांचे प्रकार पाठ केले असतील, ते इथे कामाला येतात. ‘म्हणून’, ‘सबब’, ‘यास्तव’ ही परिणामबोधक अव्ययं प्रधानत्वसूचक गटात आहेत, ती दोन तोलामोलाची वाक्यं जोडतात. ‘कारण’ हे कारणबोधक अव्यय गौणत्वसूचक गटात, त्याच्या मागून येणारं वाक्य गौण. निबंधाच्या भाषेत याचा अर्थ असा: परिच्छेद ऊस लावण्याबद्दल असेल, तर ‘शेतकरी ऊस लावतो, कारण दर बांधलेला आहे’ म्हणा. परिच्छेद दराच्या धोरणाबद्दल असेल, तर ‘दर बांधलेला आहे, म्हणून शेतकरी ऊस लावतो’ म्हणा. दोन्हीत माहिती तीच, पण परिच्छेदाचा विषय मुख्य वाक्यात राहतो. ‘कारण दर बांधलेला आहे म्हणून शेतकरी ऊस लावतो’ असं दोन्ही बाजूंनी बांधलं, तर कोणतं वाक्य मुख्य हेच कळत नाही.

बोलताना मात्र आपण सर्रास असं बोलतो. ‘काल आले नाही, कारण बरं नव्हतं ना म्हणून.’ यात काही वावगं नाही. ऐकणाऱ्याला मागे जाऊन वाचता येत नाही, तेव्हा शेवटी पुन्हा एक खूण दिली तर त्याला धागा सापडतो. ‘ऊसच का? तर भाव बांधलेला आहे म्हणून’ हा तर बोलीतला सुरेख घाट आहे. भाषणात, संवादात तो खुशाल ठेवा. कागदावर वाचकाची नजर मागे जाऊ शकते, त्यामुळे तिथे दुसरी खूण ओझं होते.

आता थोडं सावध करते, कारण हे वाचून काही जण सगळीकडे कात्री चालवायला लागतात.

‘कारण की’ चूक नाही. व्याकरणाच्या पुस्तकांत ते कारणबोधक अव्यय म्हणून दिलेलं आहे. लिहिण्यात नुसतं ‘कारण’ पुरतं आणि हलकं वाटतं, म्हणून मी ‘की’ काढते, पण कुणी ठेवलं तर गुण कापत नाही.

‘पावसाच्या कारणामुळे’ हे मात्र काढाच, ‘पावसामुळे’ एवढंच म्हणायचंय. मग ‘वैयक्तिक कारणामुळे’, ‘आरोग्याच्या कारणास्तव’ यांचं काय? ती ठेवा. ‘वैयक्तिक’ हे विशेषण आहे, त्याला ‘-मुळे’ थेट लावता येत नाही, ते टेकायला नाम लागतं. ‘आरोग्याच्या कारणास्तव राजीनामा’ म्हणजे ‘आरोग्यामुळे राजीनामा’ नव्हे, तिथे ‘कारण’ हे सांगितलेलं निमित्त आहे. कसोटी सोपी आहे: ‘कारण’ शब्द काढून ‘-मुळे’ मागच्या शब्दाला लावून बघा. अर्थ तोच राहिला, तर तो शब्द फुकटचा होता.

‘त्यामुळे परिणामी’, ‘म्हणून त्यामुळे’ या जोड्यांतला कोणताही एक शब्द काढा. ‘पाण्याच्या अभावाच्या कारणामुळे’ लिहिण्याऐवजी ‘पाण्याअभावी’ लिहा. काही शब्द कारणाबरोबर लिहिणाऱ्याचं मतही घेऊन येतात, तिथे जपा. ‘कर्जापायी’, ‘हट्टापायी’ म्हटलं की त्यात दोष किंवा फरफट येते. ‘कारणीभूत’चंही तसंच. ‘अपघाताला कारणीभूत’ ठीक, पण ‘महिलांच्या प्रगतीला शिक्षण कारणीभूत ठरले’ वाचलं, की शिक्षणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटतं.

एक जोडी मात्र दुहेरी असूनही बरोबर आहे: ‘ज्याअर्थी… त्याअर्थी’. सरकारी अधिसूचनांत ती दिसते. तिथे दोन खुणा दोन वेगळी कामं करतात, म्हणून एक काढता येत नाही. पण अधिसूचनांबाहेर ती सहसा कारण सांगत नाही, पुराव्यावरून अनुमान सांगते. ‘ज्याअर्थी अंगण ओलं आहे, त्याअर्थी रात्री पाऊस पडला.’ अंगण ओलं झाल्यामुळे पाऊस पडला असं कुणी म्हणणार नाही. निबंधात हा घोटाळा होतो. ‘गावात टँकर सुरू असल्यामुळे तिथे पाणीटंचाई आहे’ असं वाक्य मी खरोखर वाचलं आहे. टँकर हा टंचाईचा पुरावा आहे. लिहायचं होतं ते असं: ‘गावात टँकर सुरू आहेत, यावरून टंचाईची कल्पना येते.’ अनुमानाला ‘यावरून’ हा साधा शब्द पुरतो.

‘-मुळे’ची साखळी हे आणखी एक प्रकरण, पण ते वेगळं आहे. ‘जंगलतोडीमुळे मातीची धूप झाल्यामुळे धरणात गाळ साचल्यामुळे साठवण घटली.’ यात पुनरुक्ती नाही. तिन्ही ‘-मुळे’ तीन खऱ्या दुव्यांचे आहेत. त्रास असा, की मराठीत ही सगळी कारणं क्रियापदाच्या आधी रांगेत उभी राहतात आणि शेवटचा परिणाम येईपर्यंत वाचक श्वास रोखून धरतो. घडलं त्या क्रमाने, लहान वाक्यांत सोडून द्या: ‘जंगल तुटले, तशी डोंगरावरची माती सुटली. ती वाहून धरणात आली आणि गाळ साचून साठवण घटली.’ ‘तशी’, ‘वाहून’, ‘साचून’ हे शब्द कारणाचं काम गुपचूप करतात. ‘-ऊन’ प्रत्ययाचं धातुसाधित यासाठी फार उपयोगी आहे, मात्र ‘गाळ साचून साठवण घटली’सारखा अर्थ उघड असेल तेवढं सोडून दोन्ही क्रियांचा कर्ता एकच ठेवा, नाहीतर कोण वाहून आलं आणि कोण साचलं याचा गोंधळ होतो.

परीक्षेत हे सगळं डोक्यात ठेवून लिहायला बसू नका, हात अडखळेल. संघ लोकसेवा आयोगाच्या निबंधाच्या पेपरात तीन तासांत हजार-बाराशे शब्दांचे दोन निबंध लिहायचे असतात, तिथे वाक्यागणिक व्याकरण तपासायला वेळ नसतो. लिहून झाल्यावर पाच मिनिटं ठेवा आणि पूर्ण निबंध वाचण्याऐवजी फक्त ‘कारण’ हा शब्द शोधत खाली या. तो सापडला, की सरळ त्याच वाक्याच्या शेपटाकडे जा. शेवटी ‘-मुळे’, ‘-ल्याने’ किंवा ‘म्हणून’ दिसलं, तर दोहोंपैकी एक खोडा. पुष्कळदा सुरुवातीचे ‘याचे कारण म्हणजे’ हे तीन शब्द खोडले की उरलेलं वाक्य जागच्या जागी उभं राहतं, नवं काही लिहावं लागत नाही. कागदावर खाडाखोडही एकाच रेघेची दिसते.